बुकेची किंमत कशी काढायची: गड्डीच्या भावापासून मार्जिनपर्यंत

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात डच गुलाब २० काड्यांच्या गड्डीने विकला जातो. बुकेचं दुकान नव्याने सुरू करणारा माणूस बहुतेक वेळा गड्डीचा भाव विचारतो, त्याला वीसने भागतो आणि बुकेत जितकी फुलं तितक्याने गुणतो. कागद-रिबिनीचे अंदाजाने तीस-चाळीस रुपये घालतो आणि वर चाळीस टक्के नफा लावून भाव सांगतो. दुकानात गर्दी असते, बुके विकले जातात, आणि तरी महिनाअखेरीस भाडं भरताना हात आखडतो. याचं कारण जवळजवळ नेहमी त्या पहिल्या भागाकारात आणि शेवटच्या टक्केवारीत असतं. म्हणून या लेखात त्या दोन जागांवर जास्त वेळ थांबलो आहे. मधल्या पायऱ्या सोप्या आहेत.

उदाहरण एकच धरू: १२ लाल डच गुलाबांचा हातात धरायचा बुके. भरायला जिप्सोफिला आणि कामिनीची पानं, बाहेरून रंगीत कागद आणि साटिनची रिबिन. दर मी उदाहरणापुरते धरले आहेत. फुलांचे भाव रोज बदलतात, त्यामुळे आकडे तुमच्या पावतीवरचे घ्या, रीत मात्र हीच ठेवा.

पहिली पायरी: काडीचा खरा भाव

समजा, तुम्ही आठवड्याच्या सुरुवातीला १० गड्ड्या आणल्या, गड्डी १६० रुपयांची. म्हणजे २०० काड्या, १,६०० रुपये. कागदावर काडी ८ रुपयांना पडली. पण बाजारात जायचा-यायचा रिक्षाखर्च आणि हमाली मिळून आणखी २०० रुपये गेले असतील, तर माल दुकानात पोचेपर्यंत १,८०० रुपयांचा झाला. हे २०० रुपये 'किरकोळ' म्हणून सोडून द्यायचे नाहीत. ते याच फुलांपायी गेले आहेत आणि त्यांनीच ते परत आणायला हवेत.

आता गड्डी सोडा. गुलाबाच्या गड्डीला कळ्यांभोवती कोरुगेटेड कागद गुंडाळलेला असतो, त्यामुळे बाहेरून कडेच्या कळ्या दिसतात, आतल्या दिसत नाहीत. सोडल्यावर एखाद्या काडीची कळी दबलेली निघते, एखादीची मान कळीच्या खाली मोडलेली असते, एखादीच्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके दिसतात. पावसाळ्यात हे ठिपके जास्त, कारण ओल्या हवेत राखाडी बुरशी पटकन धरते. ठिपकेवाली कळी आज खपेलशी वाटली तरी उद्या सकाळी तिच्या पाकळ्या सडलेल्या असतात, आणि शेजारच्या कळ्यांनाही लागण होते. ती तिथेच बाजूला काढायची. बाहेरच्या एक-दोन जाड, हिरवट, डागाळलेल्या पाकळ्या हा मात्र दोष नसतो. त्या कळी जपण्यासाठीच शेतकऱ्याने राखलेल्या असतात. त्या अलगद काढल्या की आतलं फूल स्वच्छ निघतं. नवखा माणूस नेमकं उलटं करतो: या पाकळ्या बघून चांगलं फूल फेकतो आणि मऊ पडलेली कळी ठेवतो.

कळी ताजी आहे का हे बोटांनी कळतं. कळीचा तळ, जिथे ती देठाला मिळते, तिथे अंगठा आणि तर्जनीने हलकं दाबा. घट्ट लागला तर फूल ताजं. पोकळ आणि मऊ लागला तर ते शीतगृहात बरेच दिवस काढून आलेलं आहे, दोन दिवसांत गळेल. ही परीक्षा बाजारातच, पैसे देण्याआधी करायची. बहुतेक व्यापारी गड्डीच्या कडेच्या कळ्या दाबून बघू देतात. जो बघू देत नाही त्याच्याकडून माल घेऊ नका.

समजा, निवडताना १४ काड्या गेल्या. उरल्या १८६. त्यांची टोकं इंचभर तिरपी छाटून, पाण्यात बुडतील ती पानं काढून, स्वच्छ बादलीत तीन-चार तास पाणी पिऊ द्यायचं. पानं पाण्यात राहिली तर ती कुजतात, पाण्यात जिवाणू वाढतात आणि देठाची वाट बंद होते. मग फुलाला पाणी पोचत नाही, आणि वरून कळी छान दिसत असतानाच तिची मान लवते. मान लवलेला गुलाब लवकर लक्षात आला तर टोक पुन्हा छाटून, कागदात सरळ गुंडाळून खोल पाण्यात ठेवला की बरेचदा सावरतो. म्हणजे इथली दहा मिनिटं थेट काडीच्या भावात दिसतात.

पण १८६ काड्या तयार होणं आणि १८६ काड्या विकल्या जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चार दिवसांत बुकेत गेल्या १६५. उरलेल्या २१ इतक्या उमलल्या की बुकेत घालायची सोय राहिली नाही. त्यांच्या पाकळ्या पूजेला किंवा हळदीच्या ताटाला स्वस्तात जातात; ते पैसे आले तर चांगलंच, पण हिशेबात धरायचे नाहीत. दर आठवड्याला ते येतीलच असं नाही.

तर खरा भागाकार असा:

काडीचा भाव = मालाचा पूर्ण खर्च ÷ विकल्या गेलेल्या काड्या

१,८०० ÷ १६५ = १० रुपये ९० पैसे. आठ रुपयांची काडी जवळजवळ अकराची झाली. बारा काड्यांचे ९६ नाही, १३१ रुपये धरायचे. एका बुकेमागे ३५ रुपयांचा हा फरक आहे, आणि तो गिऱ्हाईकाकडून मागितला नाही तर तुमच्या खिशातून जातो.

तुमच्या दुकानाचं हे प्रमाण तुम्हालाच शोधावं लागेल, कारण ते गल्ली, हंगाम आणि फूल यांवर अवलंबून असतं. कार्नेशन गुलाबापेक्षा जास्त दिवस टिकतं, त्यामुळे त्यात नासाडी कमी. जरबेऱ्याचा देठ आतून पोकळ आणि मऊ, तो वाकतो आणि खोल पाण्यात सडतो, म्हणून त्याला बादलीत थोडंच पाणी ठेवायचं. प्रत्येक फुलाचं प्रमाण वेगळं लिहा. पहिले चार आठवडे एक साधी वही ठेवा: किती काड्या आणल्या, निवडताना किती टाकल्या, बिलात किती गेल्या. रात्री दुकान बंद करताना कचऱ्याच्या टोपलीतल्या काड्या मोजायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण किंमत काढण्याचा पाया हाच आहे, आणि हा आकडा दुसऱ्या कुणाच्या दुकानातून उसना आणता येत नाही.

दुसरी पायरी: भरायचा माल

जिप्सोफिला आणि पानं काडीने मोजत बसू नका. त्यांचा हिशेब 'एका गड्डीत किती बुके' असा करायचा. जिप्सोफिलाची गड्डी १५० रुपयांची आणि त्यात या मापाचे सहा बुके होत असतील तर एकाला २५ रुपये. कामिनीची ३० रुपयांची जुडी पाच बुक्यांना पुरली तर ६ रुपये. मिळून ३१.

इथे एकच सांभाळायचं. भरायचा माल हाताने ओढून घेतला जातो, मोजून नाही. बुके थोडा बारीक दिसला की हात आपोआप जिप्सोफिलाकडे जातो, आणि सहा बुक्यांची गड्डी चारातच संपते. म्हणजे बुकेमागे २५ ऐवजी साडेसदतीस रुपये. म्हणून गड्डी आणल्या आणल्या तिचे सहा भाग करून रबर बँड लावून ठेवा. बुके बांधणाऱ्याने एक भाग उचलायचा, बस. बुके त्यातही बारीक दिसत असेल तर पानं जास्त घाला. ती स्वस्त आहेत आणि गुलाबाचा रंग उठून दिसतो.

तिसरी पायरी: कागद आणि रिबिन

हल्ली चालतात ते जाडसर, पाणी न शोषणारे कागद साधारण ५८ सेंटिमीटर चौरस असतात आणि पाकिटात २० येतात. पाकीट २४० रुपयांचं धरलं तर कागद १२ रुपयांना. बारा गुलाबांच्या बुकेला मागे दोन आणि पुढे घडी घालून एक, असे तीन लागतात: ३६ रुपये. देठांना ओला टिश्यू, त्यावर लहान प्लास्टिकची पिशवी, रबर बँड आणि चिकटपट्टी यांचे ४ रुपये धरा.

कागदाचा खर्च फुलांच्या संख्येबरोबर सरळ वाढत नाही. सहा फुलांनाही दोन कागद लागतात आणि बाराला तीन. हे लक्षात राहू द्या, पुढे कामाला येईल.

रिबिनीचा हिशेब बहुतेक दुकानदार करतच नाहीत, कारण ती स्वस्त वाटते. एकदा मोजून बघा. एक इंची साटिनची २० मीटरची रीळ १०० रुपयांची असेल तर मीटरला ५ रुपये. आता बुके बांधा, गाठ मारा, दोन्ही बाजूंना दोन-दोन फास काढा, खाली वीतभर शेपट्या सोडा, आणि मग ती रिबिन सोडून टेबलावर सरळ करा. दीड मीटर सहज भरते. साडेसात रुपये झाले. टोकं तिरपी कापताना जाणारा तुकडा धरून आठ. रिळीवरून थेट ओढत बांधलं की प्रत्येक वेळी अर्धा मीटर जास्त सुटते आणि तो तुकडा कचऱ्यात जातो. टेबलाच्या कडेला दीड मीटरवर चिकटपट्टीची खूण करा, तिथपर्यंत ओढा, कापा, मग बांधा.

चौथी पायरी: हाताची मजुरी

फुलं निवडणं, छाटणं, बांधणं, कागद घालणं मिळून या बुकेला वीस मिनिटं लागतात असं धरू. ते काम करायला माणूस ठेवला तर तुम्ही त्याला तासाला ९० रुपये द्याल, म्हणून वीस मिनिटांचे ३० रुपये. बुके तुम्ही स्वतः बांधत असलात तरी हे ३० रुपये खर्चात धरायचेच. उद्या काम वाढलं आणि मदतनीस ठेवावा लागला, तर त्याचा पगार येणार कुठून? मात्र तेच पैसे दोनदा धरू नका. मदतनिसाचा पगार तुम्ही भाड्याबरोबर महिन्याच्या खर्चात लिहीत असाल, तर इथे मजुरी शून्य ठेवा.

आता बेरीज करा. गुलाब १३१, भरायचा माल ३१, कागद ३६, टिश्यू-रबर ४, रिबिन ८: मालाचे झाले २१०. मजुरी ३०. बुके तुम्हाला २४० रुपयांना पडला.

पाचवी पायरी: मार्जिन

इथे दुसरी चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडते. 'मला चाळीस टक्के मार्जिन हवं' असं म्हणून दुकानदार २४० वर चाळीस टक्के चढवतो: २४० गुणिले १.४, म्हणजे ३३६ रुपये. त्याला वाटतं, चाळीस टक्के सुटले. प्रत्यक्षात ३३६ रुपयांतले ९६ त्याचे, म्हणजे विक्रीचे साडेअठ्ठावीस टक्के. खर्चावर चढवलेली टक्केवारी आणि विक्रीतून उरणारी टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडं, वीज, घरखर्च विक्रीच्या पैशातून जातात, म्हणून मार्जिनही विक्रीवरच मोजायचं.

विक्री किंमत = खर्च ÷ (१ − मार्जिन)

चाळीस टक्क्यांसाठी २४० ला ०.६० ने भागा: ४०० रुपये. त्यातले १६० तुमचे, आणि १६० हे ४०० चे बरोबर चाळीस टक्के. पन्नास टक्के हवे असतील तर ०.५० ने भागा, ४८० रुपये. तीस टक्क्यांसाठी ०.७० ने, साधारण ३४३. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे गुणाकाराइतकंच सोपं आहे. गल्ल्याशेजारी ०.६० एवढा एकच आकडा लिहून ठेवला तरी काम भागतं.

मार्जिन किती ठेवायचं हे तुम्ही ठरवायचं, पण मनाला वाटेल तसं नाही. ते कशासाठी लागतं ते आधी लिहून काढा. भाडं १८,००० रुपये, वीज-पाणी ३,०००, फोन, झाडलोट, इतर ३,०००: महिन्याला २४,०००. महिन्यात ३०० बुके जात असतील तर प्रत्येक बुकेवर दुकानाचे ८० रुपये बसतात. ४०० रुपयांच्या बुकेत तुमचे १६०. त्यातून ८० गेले, ८० उरले. हा तुमचा खरा नफा.

आता हाच हिशेब चुकीच्या दोन्ही रीतींनी करून बघा. खर्च बरोबर काढला पण चाळीस टक्के वर चढवले, तर ३३६ मध्ये तुमचे ९६, दुकानाचे ८० वजा जाता उरले १६. आणि काडी आठ रुपयांचीच धरली, म्हणजे खर्च २४० ऐवजी २०५ मानला आणि त्यावर चाळीस टक्के चढवले, तर किंमत येते २८७. बुके पडला २४० ला, हातात आले ४७, दुकानाला द्यायचे ८०. प्रत्येक बुकेवर ३३ रुपयांचा तोटा, आणि वहीत मात्र 'नफा चाळीस टक्के'. जितके बुके जास्त विकाल तितकी भाड्याची सोय होत जाते हे खरं, पण या भावाने ती सोय व्हायला महिन्याला पाचशेच्या वर बुके लागतील. लहान दुकानाला एवढी विक्री जड जाते.

उलट बाजूही पाहा. मार्जिन बरोबर चाळीस टक्के आहे, पण महिन्यात ३०० ऐवजी १५० च बुके गेले, तर दुकानाचा वाटा बुकेमागे १६० रुपये होतो आणि ४०० रुपयांच्या बुकेत हाती शून्य राहतं. मग किंमत वाढवायची की गिऱ्हाईक, हा निर्णय तुमचा. पण सूत्र बरोबर असूनही धंदा का बसतो हे निदान कळतं.

फुलं कमी-जास्त झाली तर

बारा गुलाबांचा बुके ४०० ला, म्हणून सहाचा २०० ला आणि चोवीसचा ८०० ला, असं सांगू नका. सहाच्या बुकेत गुलाब निम्मे होतात, पण कागद दोन लागतातच, रिबिन थोडीच कमी होते, मजुरी वीस रुपयांच्या खाली जात नाही. याच दरांनी तो साधारण १३९ रुपयांना पडतो आणि ०.६० ने भागल्यावर २३० च्या आसपास जातो. तो २०० ला दिला तर मार्जिन तीस टक्क्यांवर येतं. चोवीसचा बुके पडतो ४२८ च्या घरात, विक्री ७१० च्या आसपास. तो ८०० ला सांगितलात तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

'दादा, यात अजून दोन गुलाब घाला ना' असं रोज ऐकावं लागतं. त्याचं उत्तर तयार ठेवा. काडी १०.९० ला पडते, ०.६० ने भागली की १८ रुपये. म्हणून वरचं प्रत्येक फूल २० रुपये. फलकावर तसं लिहूनच टाका. तयार बुकेत फूल वाढवताना कागद, रिबिन आणि मजुरी जवळजवळ तेवढीच राहते, म्हणून हा भाव परवडतो. मात्र चार-पाचपेक्षा जास्त फुलं वाढली की कागद वाढवावा लागतो. तिथून पुढे नवा बुके समजून नवा हिशेब करा.

सूट आणि कमिशन

'काही कमी करा ना काका' या विनंतीला दहा टक्के सूट दिली की ४०० चे ३६० होतात. गिऱ्हाईकाला चाळीस रुपये कमी झाले. तुमच्याकडे मात्र १६० चे १२० उरले, आणि दुकानाचे ८० काढल्यावर ८० चे ४०. दहा टक्के सूट म्हणजे निम्मा नफा. म्हणून मी सूट देण्यापेक्षा एक गुलाब वाढवून द्यावा या मताचा आहे. तो तुम्हाला अकरा रुपयांना पडतो, गिऱ्हाईकाला वीसचा मिळतो, आणि ते खूश होऊन जातं.

ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या एखाद्या सेवेचं कमिशन असेल तर ते विक्री किमतीवर घेतलं जातं, म्हणून तेही भागाकारातच घाला. चाळीस टक्के तुमचे आणि वीस टक्के त्यांचे असतील तर २४० ला ०.४० ने भागायचं: ६०० रुपये. ४०० रुपयांच्या बुकेवर वरून वीस टक्के चढवून ४८० सांगितले, तर त्यांचे ९६ कापून तुम्हाला ३८४ मिळतील, आणि वाट्याला १६० ऐवजी १४४ येतील. सहाशेचा भाव त्या सेवेवर चालणार नाही असं वाटत असेल, तर तिथे कमी मार्जिनवर वेगळा, लहान बुके ठेवा. दुकानातलाच बुके तिथे तोट्यात विकू नका. घरपोच पोचवायचे पैसे बुकेत मिसळू नयेत, ते वेगळे सांगावेत. कोथरूडचं गिऱ्हाईक वाघोलीच्या पेट्रोलचे पैसे का देईल?

१४ फेब्रुवारीचा भाव

मावळातले गुलाब उत्पादक डिसेंबरातच छाटणीचं वेळापत्रक असं बसवतात की जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काढणी यावी. चांगला, लांब दांडीचा माल आधी परदेशात आणि दूरच्या शहरांत जातो, आणि त्याच दिवसांत आपल्या बाजारात गड्डीचा भाव चढतो. समजा, १६० ची गड्डी ४०० वर गेली. त्या दिवशी जुनं भावपत्रक फाडून नवा हिशेब करायचा, पण रीत तीच. दहा गड्ड्यांचे ४,०००, आणण्याचे २००. मागणी जोरात असल्याने समजा १७५ काड्या विकल्या गेल्या. काडी २४ रुपयांना पडली, बाराचे २८८. बाकीचा खर्च मजुरीसकट १०९ तोच. एकूण ३९७, आणि चाळीस टक्क्यांना ६६० रुपये.

इथे एक विचार करण्यासारखा आहे. कागद, रिबिन, मजुरी, भाडं, यातलं काहीच वाढलेलं नाही. म्हणून टक्केवारी तीच ठेवायची की रुपये तेच ठेवायचे? रोजच्यासारखे १६० रुपयेच हवे असतील तर बुके ५५७ ला देता येतो. मी दोन्हींच्या मध्ये, सहाशेच्या आसपास राहायला सांगेन. टक्केवारी सोडण्याला माझी हरकत नाही, पण १६० पर्यंत खाली येऊ नये, कारण त्या दिवशी धोका जास्त असतो. नेहमीच्या आठवड्यात उरलेला गुलाब दुसऱ्या दिवशी विकला जातो. १५ फेब्रुवारीला उरलेली चोवीस रुपयांची काडी आठ रुपयांच्या फुलांशी स्पर्धा करते. तो तोटा भरून काढायला हे चाळीस-पन्नास रुपये लागतात. आणि आगाऊ पैसे घेऊन नोंदवलेल्या ऑर्डरींइतक्याच गड्ड्या उचलल्या, वर थोड्याच घेतल्या, तर हा धोका खूप कमी होतो.

हिशेब चुकतोय हे कसं कळेल

महिन्यातून एकदा एकच तपासणी करा. फुलं, पानं, कागद, रिबिन आणि बाजाराचा रिक्षाखर्च मिळून महिन्यात किती खर्च झाला ते विक्रीच्या रकमेने भागा. आपल्या उदाहरणात ४०० रुपयांमागे माल २१० चा, म्हणजे साडेबावन्न टक्के. तुमचा आकडा पंचावन्नच्या आत असेल तर किंमत आणि नासाडी दोन्ही जागेवर आहेत. साठकडे गेला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधायचा क्रम ठरलेला आहे. आधी कचऱ्याच्या वहीत बघा, नासाडी वाढली का. मग बाजारभाव चढला आणि फलक तोच राहिला का ते पाहा. हे सर्वांत जास्त वेळा होतं, विशेषतः लग्नसराईत आणि गणपतीत. त्यानंतर जिप्सोफिलाची गड्डी खरोखर सहा बुक्यांना पुरते का ते मोजा. सूट शेवटी तपासा, कारण ती बहुधा लिहिलेलीच नसते. यापुढे दिलेली प्रत्येक सूट बिलावर लिहायची सवय लावून घ्या.

आकडा पंचेचाळीसच्या खाली आला तर लगेच खूश होऊ नका. कदाचित बुके बारीक बांधला जातोय, किंवा परवाची फुलं आज खपवली जातायत. ते गिऱ्हाईक तक्रार करत नाही, पुढच्या वाढदिवसाला दुसरीकडे जातं. बांधलेले दोन बुके उचलून फुलं मोजा आणि कळीचा तळ दाबून बघा.

गड्डीचा भाव किती बदलला की फलक बदलायचा याचीही मर्यादा ठरवून ठेवा. आपल्या बुकेत गड्डी ३० रुपयांनी चढली की बारा काड्यांचा खर्च साधारण बावीस रुपयांनी वाढतो, आणि विक्री किंमत ३५-४० रुपयांनी. तेवढ्या फरकाला फलक बदलायचा. त्याच्या आतला चढउतार सोसायचा, कारण रोज वेगळा भाव ऐकून नेहमीचं गिऱ्हाईक बिचकतं. फलकावर भाव खडूने लिहा. छापलेला फलक बदलायला माणूस कंटाळतो.